दोन लाख हवा

आमच्याकडं आकड्याला आडनाव लावायची पद्धत नाही. विहिरीवरची मोटर पाचची, ट्रॅक्टर पस्तीसचा. पाच कसले आणि पस्तीस कसले, असं विचारणारा माणूस येडा ठरतो. तसेच आमच्या कोंबड्यांच्या शेडचे पंखे, चोवीस हजारी. चोवीस हजार काय, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा नवरा आज घरी असता.

हे, म्हणजे सोमेश्वर, तीन वर्षांपासून दोह्यात पाण्याचा टँकर चालवतात. जाताना म्हणाले होते, "विजे, शेड उभं राहिलं की आलो म्हणून समज." कड्याजवळच्या आमच्या माळावर शेड उभं राहिलं. बंद शेड, तीस फूट रुंद, आठ फूट उंच. एका टोकाला पाण्यानं भिजणारे पॅड, दुसऱ्या टोकाला पाच मोठे पंखे. पंख्यांनी ओढायचं आणि पॅडमधून गार हवा आत यायची, असा त्याचा कारभार. पिल्लं देणाऱ्या कंपनीनं एकदा पक्षी टाकले की हे विमानात बसणार होते. मी यांच्या चपलासुद्धा पुसून ठेवल्या होत्या. हसू नका, ज्याचं माणूस लांब असतं त्यालाच ते कळतं.

मागच्या महिन्यात कंपनीचा सुपरवायझर युवराज रिकामं शेड बघायला आला. तेव्हा थ्री फेजची लाईन यायची होती, त्यामुळं पंखे नुसतेच भिंतीत बसून होते. शेडची लांबी-रुंदी मापून त्यानं फर्मान सोडलं, "दोन लाख हवा पाहिजे. त्याबिगर आमी पक्षी टाकीत न्हाई." आणि मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा.

माझे दीर बंकट भावजी हिशोबाला बसले. पाच पंखे, चोवीस हजारी. झाले एक लाख वीस हजार. दोन लाखाला ऐंशी हजार कमी. म्हणजे आणखी चार पंखे आणि त्यांच्यासाठी फोडायची भिंत. हिशोबात तसूभर चूक नव्हती. मीही बोटं मोजून बघितली, एवढंच आलं.

भावजींनी त्याच दिवशी यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "मालक आणखी दोन वर्षाचा करार कर म्हणतोय. करतो. चार पंखे त्यातनं होतील."

"कावून घाई करताव?" मी फोन ओढून घेत म्हणाले. "बघू की काही."

"बघायचं काय, विजे? कोंबड्या हवेबिगर मरतेत."

फोन ठेवल्यावर चपला पुन्हा पिशवीत घातल्या.

यांची आठवण कशाकशात येते, ते सांगायलाही लाज वाटते. हे भाकरी ताटात बारीक कुस्करायचे आणि कालवण घालून शेवटच्या घासापर्यंत गप्प जेवायचे. उन्हाळ्यात माळावर बाज टाकून झोपायचे आणि डोंगराकडून वारा सुटला की मला हाक मारायचे, "ये, हवा खायला ये." आता तिकडं एका खोलीत सहाजण, एसी चालू, खिडकी नाही. परवा म्हणाले, इथं गार लई हाय, पण वारा न्हाई. मला तो वारा पदरात बांधून पाठवावासा वाटला.

गेल्या आठवड्यात थ्री फेज आली. भिंत कुठं फोडायची ते ठरवायला भावजींनी युवराजला बोलावलं. तो म्हणाला, "आदी हायेत तेवढे तरी चालू करा. वेग बघतो." पाचही पंखे सुरू झाले. पॅडच्या बाजूनं हवा अशी आत शिरली की माझा पदर हातात राहीना. युवराज हातातलं हवेचं मीटर धरून शेडभर फिरला, इथं मापलं, तिथं मापलं, आणि परत येऊन दारात मोबाईलवर गुणाकार करत बसला.

"वहिनी, सेकंदाला अडीच मीटरनं हवा चाललीय. शेडचं तोंड सव्वाबावीस चौरस मीटरच्या जरा वर. तासाला दोन लाख घनमीटर होतेत. पुरतेत की पंखे!"

"कशे पुरतेत?" भावजी उखडले. "पाच चोवीस एकशे वीस. तूच दोन लाख म्हणला व्हतास."

युवराज पंख्याजवळ गेला. चोवीस हजाराच्या पुढं पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं त्यानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे घनफूट हायेत, बंकटराव. मिनिटाला इतके घनफूट. मी सांगितलं ते तासाला घनमीटर. आमच्या हापिसात सगळं त्यातच चालतं, म्हणून बोलायचं ध्यानातच आलं न्हाई."

मग त्यानं उलगडून सांगितलं. मिनिटाची हवा तासाची करायची तर साठनं गुणायचं. घनफुटाचे घनमीटर करायचे तर सव्वापस्तीसच्या आसपास भागायचं, कारण एका घनमीटरात तेवढे घनफूट मावतात. दोन्ही मिळून साधारण एक पूर्णांक सात दशांशानं गुणलं की झालं. एक लाख वीस हजार गुणिले एक पूर्णांक सात दशांश, दोन लाख चार हजार. मिनिटाला किती घागरी ते एकानं सांगितलं आणि तासाला किती हौद ते दुसऱ्यानं, आणि आम्ही हौदातून घागरी वजा केल्या. एवढीच गोष्ट.

"पुढच्या आठवड्यात पक्षी टाकतो," युवराज म्हणाला. भावजी डोकं धरून खाली बसले. मला त्या दोघांनाही त्या पंख्यासमोर उभं करून बडवावंसं वाटलं. पण आधी फोन लावला.

"अहो, करारावर सही करू नका! पंखे पुरतेत!"

पंख्यांच्या आवाजात मला तिकडचं नीट ऐकू येईना. मी पळत शेडच्या बाहेर आले. हे म्हणत होते, "परवाच केली गं. पासपोर्ट बी मालकाकडंच हाय."

मी सगळं सांगितलं, घागर आणि हौदासकट. मला वाटलं होतं, भावाला शिव्या देतील. त्यांनी नुसतं विचारलं, "बंक्या रडतोय का?"

"बसलेत डोकं धरून."

"त्याला बोलू नका कुणी." आणि म्हणाले, "पंखे चालू हायेत?"

"हायेत."

"आत जा. फोन हवेत धर."

मी आत गेले. पॅडजवळ उभी राहिले, फोन उंच धरला. ओली गार हवा अंगावरून धो धो वाहत होती, अगदी माळावरच्या वाऱ्यासारखी. मला रडू आवरेना. एवढ्या घरघराटात आपलं कोण ऐकतंय, म्हणून तीन वर्षांत जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं ते मी मोठ्यानं बोलले. "या ना हो घरी. मला तुमच्याबिगर करमत न्हाई. या ना." दोनदा, तीनदा, बोलतच राहिले.

भावजींनी पंखे बंद केले. शेड एकदम गप्प झालं. मी डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"आली का हवा?" मी विचारलं.

"आली," हे म्हणाले. "आन् तू बोललीस ते बी आलं."