तारखा सोयीच्या नसल्यास

आईच्या मरणाची तारीख ठरली, त्याच दुपारी मी प्रकाशनातल्या तोंगबाईंना रजेची मेल लिहिली.

तारीख मामांनी देवळामागच्या पंचांगवाल्याकडून काढून आणली होती. बारा जानेवारी, शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा. दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या होत्या, दादाची आणि माझीही झाली होती. पक्षाघाताच्या तिसऱ्या झटक्यानंतर दोन महिने आई यंत्रावर श्वास घेत होती आणि आता ती उठणार नाही हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. त्या दिवशी रुग्णवाहिकेतून तिला बेइदौ गावातल्या आमच्या घरी आणायचं, पुढच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर फळीवर निजवायचं आणि मग नळी काढायची. बोलता येत होतं तेव्हा आईने एवढंच मागितलं होतं. "आ-युन, मला बाहेर मरू देऊ नका. शेवटचा श्वास घरात."

आमच्याकडे घराबाहेर प्राण गेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. हे आईला माहीत होतं, म्हणून तर ती मागत होती.

मी घरी बसून प्रकाशकांची पुस्तकं तपासते. मुद्रितं वाचते, शेवटची सूची करते. नोकरी नाही, त्यामुळे रजा मागायची नसते, कळवायची असते. मेल मी नेहमीच्या पद्धतीने नीट लिहिली. 'कौटुंबिक कारणासाठी मी १२ ते २१ जानेवारी काम करू शकणार नाही. पक्ष्यांच्या पुस्तकाचं दुसरं मुद्रित १५ ऐवजी १० तारखेलाच देते. सूची १९ ऐवजी २४ ला मिळेल. मधल्या काळात मुद्रिताबद्दल काही शंका निघाल्यास श्रीमती कान पाहतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. फोन बंद असेल, मेल दिवसातून एकदा पाहीन.' आणि खाली, दर मेलच्या खाली लिहिते तेच वाक्य: 'या तारखा सोयीच्या नसल्यास निःसंकोच कळवावे.'

कारण लिहिलं नाही. आईला पहिला झटका आला तेव्हा दुसऱ्या एका प्रकाशनाला मी खरं सांगितलं होतं. त्यांनी फार आपुलकीने लिहिलं होतं, आईकडे बघा, कामाची काळजी करू नका. मग सहा महिने त्यांनी मला कामाची काळजी करूच दिली नाही. पुढचं पुस्तक दुसरीकडे गेलं, त्यापुढचंही.

रोज पहाटे सूत्रपाठ करताना मी पाच व्रतं म्हणते. चौथं असत्य न बोलण्याचं आहे. 'कौटुंबिक कारण' यात असत्य काही नव्हतं. मी तसं स्वतःला सांगितलं आणि मेल पाठवली.

तोंगबाईंचा फोन संध्याकाळी आला. तैपेईच्या कचेरीतला गलका मागे ऐकू येत होता.

"लियाव बाई, तुमच्यासारखं आगाऊ कळवणारं कुणी नाही हो! बाकीचे म्हणजे आदल्या दिवशी गायब. पण एक अडचण झालीय. छापखान्याने सतरा तारीख दिली. ती चुकली तर चांद्र नववर्षाच्या सुट्ट्यांनंतर, म्हणजे पुस्तक मेळ्यात नाहीच."

"सूची कान बाईंना..."

"त्यांना जमेल का, तुम्हीच सांगा. चारशे पक्षी, प्रत्येकाची तीन-तीन नावं. कोणतं नाव मुख्य धरायचं हे तुम्हीच लेखकाशी भांडून ठरवलंय. पानं बारा तारखेला पक्की होतील, त्याआधी सूची होत नाही. तुम्ही बारा ते सोळा एवढं काढलंत आणि सतरापासून गेलात तर? तुम्हीच लिहिलंय ना, सोयीच्या नसल्यास कळवा, म्हणून धीर केला. तिकिटं वगैरे काढली असतील तर राहू दे हं."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

"तिकिटं नाहीत," मी म्हणाले. "घरात विचारून कळवते."

दादा जेवत होता. वहिनीने त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं तसा दादाने काड्या खाली ठेवल्या.

"चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे ना? यंत्र चालूच आहे. डॉक्टर तर म्हणाले होते, महिनाभरही चालेल." मग हळूच, "तुझं काम गेलं तर दुसरं मिळायला किती वेळ लागतो ते मागे बघितलंय आपण."

मामांना मात्र फोनवर सांगावं लागलं. आईच्या पाठचा एकुलता भाऊ. आमच्यात बाईच्या मरणात माहेरच्या भावाचा शब्द शेवटचा. तो पाहून हो म्हणेपर्यंत शवपेटीलाही झाकण लागत नाही.

"अगं, मरणाचा मुहूर्त आता तुझ्या कचेरीला विचारून काढायचा?"

"कचेरी नाही मामा, मी घरीच..."

"मग तर अजूनच! घरी बसतेस आणि आईला घरी आणायला सवड नाही?" मग म्हणाले, "विचारतो पंचांगवाल्याला. पण परत बदलायचं नाही. ती काही पार्सल नाही."

सतरा-अठरा वाईट निघाले. एकोणीस चांगला. दादाने रुग्णवाहिका एकोणीसला फिरवली, डॉक्टरांना कळवलं. मी तोंगबाईंना सुधारलेल्या तारखा पाठवल्या. सूची १६ ला संध्याकाळी, रजा १७ ते २६. त्यांनी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं.

बारा तारखेला सकाळी नऊ वाजता मी रुग्णालयात आईजवळ होते. मूळ वेळ तीच होती म्हणून गेले. तिचे डोळे मिटलेले. यंत्र छातीत वारा भरत होतं आणि काढत होतं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळत होतं. नर्स म्हणाली, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घातलंय, त्याचं आहे. मी पुसलं आणि अमिताभ बुद्धाचं नाव घेत बसले. अकरा वाजता उठून घरी आले, तेव्हा पक्की झालेली पानं मेलमध्ये आलेली होती.

चार दिवस पक्ष्यांची नावं आणि पानांचे आकडे. बगळा, मोठा, ३१. बगळा, गाय-, ३४. घरात वहिनीने सोफा अंगणात काढला होता, देव्हाऱ्यासमोर दोन बाकांवर फळी टाकून त्यावर नवी चटई अंथरली होती. मी उठले की ती फळी दिसायची. काम चांगलं झालं, हे लिहिताना लाज वाटते. सोळाला पावणेसहा वाजता सूची पाठवली.

सतराला पहाटे पाठ चालू असताना दादाचा फोन वाजला. फुफ्फुसात संसर्ग, रात्रीतून रक्तदाब कोसळला होता. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं असेल तर आत्ताच.

आत्ताच म्हणजे साडेनऊ झाले. ठरवलेली रुग्णवाहिका एकोणीसची, दुसरी शोधावी लागली. कागदांवर सह्या, शिरेतून द्यायची औषधं, सोबत यायला मोकळी नर्स. एकोणीससाठी हे सगळं तयार ठेवलेलं होतं. दादा मोटारसायकलवर पुढे गेला, मी आत आईजवळ बसले. नर्स तरुण होती. ती आईच्या नळीला लावलेला रबरी फुगा दाबत होती, सोडत होती. बाहेर भाताची रिकामी शेतं मागे जात होती.

युंगचिंग गाव मागे पडल्यावर पडद्यावरची ठोक्यांची रेघ सरळ झाली.

नर्सने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचा हात थांबला नाही.

"ताई," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मी दाबत राहते. घरात नेऊन निजवेपर्यंत दाबते. छाती हलताना दिसते. 'घरी आलो आजी, आता श्वास घ्या,' म्हणायचं आणि काढायचं. खूपजण असंच करतात. तुम्ही काही बोलू नका."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही माहीत नव्हतं.

दारात मामा उभे होते. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात काळा कोट. स्ट्रेचर उतरलं. नर्स फुगा दाबत होती, आईची छाती वर येत होती, खाली जात होती.

"श्वास आहे?" मामांनी विचारलं.

"आहे, आहे," दादा म्हणाला. "लवकर आत घ्या."

मामा हलले नाहीत. त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आ-युन, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

वहिनीने दार सताड उघडलं होतं. आत फळी, चटई, पेटवलेली समई. चार पावलांचं अंतर.

गप्प राहायला मला चांगलं येत होतं. पण ते या वेळी पुरणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "युंगचिंगजवळ थांबला."

नर्सने फुगा सोडला. दादा माझ्याकडे बघत राहिला. आजतागायत त्याबद्दल बोललेला नाही.

मामांनी डोळे मिटले. मला वाटतं, मी 'आहे' म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं. म्हणूनच मला विचारलं असावं. पण एकदा ऐकल्यावर ते तरी काय करणार होते? घरात मुलं होती, पूर्वज होते, गल्ली बघत होती.

"मांडव घाला," ते म्हणाले. "दाराला लागून घाला. जितका जवळ येईल तितका."

गल्लीत मांडव उभा राहिला. आठ तास जीव जवळच असतो, ऐकतो, असं आम्ही मानतो; तोवर तिला कुणी हलवायचं नाही, कुणी रडायचं नाही. देवळातल्या बायकांबरोबर मी नाम घेत बसले. शेवटी घसा बसला. मांडवातून पाहिलं की उघड्या दारातून ती फळी दिसत होती. वहिनीने ती उचलली नव्हती.

संध्याकाळी मी मेल पाहिली. दिवसातून एकदा पाहीन असं लिहिलं होतं. तोंगबाईंची होती, दुपारची. 'सूची अप्रतिम! मात्र लेखकांना प्रस्तावना बदलायची आहे, त्यामुळे छपाई आता सुट्ट्यांनंतर. तुमची धावपळ उगाच झाली, माफ करा. मजेत फिरून या.'

मी मांडवातच, गुडघ्यावर संगणक घेऊन उत्तर लिहिलं. पहिल्या ओळीत कारण लिहिलं. मग दर सातव्या दिवसाच्या विधींच्या सात तारखा, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत, त्या त्या दिवशी काम होणार नाही म्हणून. सवयीने हात खालचं वाक्य लिहून गेला. ते खोडलं.

फोन बंद करायचा राहून गेला होता, तीन मिनिटांत तो वाजला. तोंगबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

"लियाव बाई, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत? आम्ही पुस्तक थांबवलं असतं. खरंच थांबवलं असतं हो. एक पुस्तक ते काय!"

"हो," मी म्हणाले. "माझी चूक झाली."

त्या रडत होत्या. मी त्यांना सांगितलं की रडू नका, आठ तास व्हायला अजून थोडा वेळ आहे, तिला ऐकू जाईल. मग फोन ठेवला आणि पुन्हा आईच्या पायाशी जाऊन बसले. उंबरा तिथून हाताच्या अंतरावर होता.