दुसरा कागद कुठं आहे?

"दोन कागद ताडायचे तर दोन्ही शेजारी ठेव, मगच तोंड उघड," असं कौशल्याबाईंचे वडील सांगायचे. देऊळगाव राजाच्या भजनी मंडळात कौशल्याबाईंना ते आज आठवलं. मंदिराच्या चिटणिसांची चिठ्ठी आली होती : 'जुने व नवे नियम खाली डकवले आहेत. बदल पाहून सभेआधी संमती कळवा.' बायकांचं गुरुवारचं भजन राहणार की जाणार, ते त्या नियमांवर ठरणार होतं. डकवलेला कागद मात्र एकच होता.

"जुनं किती चांगलं होतं!" गोजरबाई त्याच कागदावर बोट आपटत म्हणाल्या. "नव्यात कसं बांधून टाकलं आपल्याले!"

"हाव ना, मले तीन बदल दिसले," आशाबाईंनी री ओढली.

"पण माय, हा जुना हाय का नवा?" कौशल्याबाईंनी हळूच विचारलं.

गोजरबाईंनी कागद कौशल्याबाईंपुढे सरकवला.

"तूच सांग मंग, शिकलेली!"

"यात गुरुवार आपला हाय. पण हा जुना असंन, तर नव्यात गेलाही असंन. दुसरा पाह्यल्याबिगर कसं सांगू? सभेआधी आणतो तो कागद."

बाकीच्यांची बदलांवरची चर्चा पुन्हा रंगली. कौशल्याबाईंनी पदर सावरला, चपला घातल्या आणि चिटणिसांच्या घराची वाट धरली.