दोन कागद, एकच नंबर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुच्या मराठी वस्तीत हिंदीत चिठ्ठी आली की ती कुसुमबाईकडे जायची. तेलुगू वाचणारे गावात पुष्कळ होते, पण हिंदी वाचून मराठीत सांगणारी ही एकटीच. मामाकडे यवतमाळला राहून दहावीपर्यंत शिकली होती ना! आणि वाचायची तरी कशी, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. कोणाच्या पोरानं परमुलखातून चार कोरड्या ओळी खरडल्या, तरी ही पदरचं 'मायला दंडवत' घालणार, 'तुझ्या हातची भाकर आठवते' घालणार. वाईट काही असलं तर मऊ करून शेवटी सांगणार. लोकांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं. कोरडा कागद कोरडाच वाचायचा म्हणजे दारातल्या पाहुण्याला पाणीही न विचारणं, असंच सगळे समजत.

ब्याण्णव साली, एका मंगळवारी, तिचा थोरला भाऊ उद्धवराव असाच एक कागद घेऊन आला. त्याची भाजीची वाडी होती. आकडे त्याला वाचता येत, अक्षरं नाही. पत्र त्याच्या पोरीच्या, राहीच्या नावाचं, दिल्लीहून आलेलं. राही दहावी झालेली, पण तेलुगूतून; असं हिंदी तिला उलगडत नव्हतं. कपड्याच्या कंपनीत कारकुनाची नोकरी, पगार बावीसशे! कुसुमबाईनं पत्र वाचलं आणि सवयीप्रमाणे सजवलं. 'साहेबांनी राहीचं नाव खास निवडलं हाय, दादा. साऱ्या जिल्ह्यातून आपलीच पोरगी!' खाली लिहिलं होतं की ही बाब कोणाशी बोलू नये. बाईनं सांगितलं, 'नजर लागू नये म्हणून गुपचूप ठेवा म्हणतेत.' सात दिवसांत साडेसातशे रुपये अनामत आणि दहावीचा अस्सल मेमो पाठवा, असंही होतं. ते तिनं इतकं गोड आवाजात सांगितलं की जणू आहेराचीच गोष्ट.

राहीला मात्र आदिलाबादला नर्सिंगच्या ट्रेनिंगच्या निवडीसाठी बोलावणं आलं होतं, सोमवारी मेमो घेऊन हजर व्हायचं होतं. मेमो म्हणजे गुणांचा तो सरकारी कागद, एकच असतो. पण बापापुढं बावीसशेचा आकडा नाचत होता. उद्धवरावानं बुधवारी पैशांची मनिऑर्डर केली आणि गुरुवारी सकाळी मेमो रजिस्टर पोस्टानं टाकला.

त्याच गुरुवारी दुपारी किराणा दुकानवाले सुधाकरराव कुसुमबाईच्या ओट्यावर येऊन बसले. तेलुगू त्यांना फडाफडा वाचता यायचं, हिंदीशी मात्र वाकडं. त्यांच्या धाकट्यालाही दिल्लीहून पत्र आलं होतं.

"वाचा बाई. नोकरीचं हाय म्हणतेत."

बाईनं कागद उलगडला. तीच कंपनी, तोच पगार, आणि 'आपल्या जिल्ह्यातून फक्त आपली निवड' हेही तेच! वर निवडीचा क्रमांक छापलेला: ४१७. राहीच्या पत्रावरही ४१७च होता. तिला पक्कं आठवत होतं, कारण चारशे सतरा हा शुभ आकडा आहे असं तिनंच तोंडाला येईल ते भावाला सांगितलं होतं. कागद सारा छापील, फक्त नावाची जागा पेनानं भरलेली.

"तुमच्या पोरानं अर्ज कधी केला होता?"

"अर्ज कायचा? वर्तमानपत्रातलं कोडं भरून पाठवलं होतं, रेडिओच्या बक्षिसासाठी."

राहीनंही तेच कोडं भरलं होतं. नाव-पत्ता तिथूनच गेला. बाईनं कपाळावर हात मारला. सुधाकररावांचा कागद हातात घेऊन ती तशीच अनवाणी वाडीकडं निघाली.

उद्धवराव वांग्याला पाणी देत होता. तिनं धापा टाकत सांगितलं, "दादा, ते पत्र खोटं हाय. राहीचा मेमो चालला वाया!"

"खोटं? परवा तूच तं वाचलं."

"वाचलं, पण जसं होतं तसं नाही वाचलं. आता आइक. आपण अर्जच केला नाही, तं निवड कायची? पगार देणारा आधी आपल्याले पैसे काऊन मागते? पत्त्यात गल्ली नाही, घर नाही, नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. मनिऑर्डर कंपनीच्या नावानं नाही, एका माणसाच्या नावानं मागतली. सात दिवसांची घाई काऊन, तं आपण कोणाले इचारू नये म्हणून. अन् 'कोणाशी बोलू नका' असं लिहिलं होतं दादा, नजरेचं काहीच नव्हतं. ते मी घातलं."

उद्धवरावानं फावडं खाली टाकलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मंगळवारी येक सांगतलं, आज दुसरंच सांगून राह्यली. मी कोणतं खरं मानू? मले काय वाचता येते?"

या प्रश्नापुढं कुसुमबाई पार खचली. आजवर तिनं वाचलेल्या शंभर पत्रांतलं किती खरं होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिला रडू आलं, पण रडायला वेळ कुठं होता! तिनं राहीला हाक मारून पहिलं पत्र आणवलं आणि दोन्ही कागद बांधावर शेजारीशेजारी मांडले.

"माह्यावर भरवसा ठेवू नको. आकडे तं तुले येतेत? मग तूच पाय."

तो उकिडवा बसला. मातीचं बोट आधी एका कागदावर, मग दुसऱ्यावर फिरलं. चारशे सतरा, चारशे सतरा. बावीसशे, बावीसशे. साडेसातशे, साडेसातशे. नावाच्या जागी शाईचा रंग दोन्हीकडं वेगळा, एवढाच फरक.

"साऱ्या जिल्ह्यातून येकच निवडला म्हणे," तो पुटपुटला. "अन् गावातच दोन."

मग मात्र तो उठला. पोस्टाचा थैला तीनच्या बसनं जायचा. राही पुढं पळत सुटली, मागून बापानं कमरेची पावती चाचपत पाय उचलले, आणि सगळ्यांच्या मागं कुसुमबाई. पोस्टमास्तर थैल्याला लाख लावायच्या बेतात होते. आधी ते खेकसलेच. मग त्यांनी पावती पाहिली, लिहून द्या म्हणाले. पाठवणाऱ्यानं अर्ज करून फी भरली तर रजिस्टर परत मागता येतं. राहीनं अर्ज लिहिला, बापानं खाली अंगठा उठवला. थैल्यातून लिफाफा बाहेर आला तेव्हा राहीनं तो छातीशी धरला आणि तिथंच खाली बसली.

मनिऑर्डर मात्र बुधवारीच गेली होती. ती थांबवायचाही अर्ज दिला. मास्तर म्हणाले, तिथं पैसे आधीच वाटले असतील तर आमच्या हातात काही नाही. ते पैसे आले नाहीतच.

परतताना वळणाशी उद्धवराव एवढंच म्हणाला, "कुसुमे, मले गोड नको होतं. मले खरं पायजे होतं." तिनं मान खाली घातली.

सोमवारी राही मेमो घेऊन आदिलाबादला जाऊन आली. तीन आठवड्यांनी तिथून तेलुगूत पत्र आलं. शेजारच्या गयाबाईनं कुसुमबाईला आधीच सांगून ठेवलं होतं, की उद्धवराव सकाळीच सुधाकररावांच्या दुकानावर तो कागद घेऊन बसला होता. दुपारी तो इकडं आला. कागद पुढं केला, नजर मात्र वर केली नाही.

चौथीपर्यंत गावच्याच शाळेत शिकलेलं तेलुगू तिला अडखळत यायचं. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं. जिभेवर नेहमीचं सारं येऊन थांबलं होतं: पोरगी हुशार हाय, साहेबांना आवडली, थोडी कळ काढा. तिनं ते गिळलं.

"जागा भरल्या," ती म्हणाली. "राहीचं नाव वेटिंगमध्ये हाय. सातवा नंबर. कोणी सोडून गेलं तरच बोलावतील, नाहीतं पुढल्या वर्षी. आणखी काही लिहिलेलं नाही."

उद्धवरावानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बराबर," तो म्हणाला. "सुधाकररावांनीही हेच वाचलं."