हिरवे मनुके

माझ्या सासूबाई गोजराबाई मनुके करायच्या ते गच्चीवर, उन्हात. आठ दिवसांत द्राक्षं तपकिरी व्हायची आणि घरभर गोड वास सुटायचा. त्या वर्षी आमच्या चार नव्या वेलांना पहिल्यांदा बिनबियांची द्राक्षं लागली आणि मला शहाणपणा सुचला. ओझरला माझ्या मामाकडे मी सावलीत वाळवलेले हिरवेगार मनुके पाहिले होते. तसेच करायचे, असं मी ठरवलं.

पाणी उकळलं, त्यात पापडखार टाकला, वर चमचाभर करडईचं तेल. घड बुडवायचा आणि सालीवर केसासारख्या चिरा दिसल्या की लगेच काढायचा. मग गार पाण्यातून धुऊन धान्याच्या खोलीत बांबूच्या ताट्यांवर पसरायचा. खिडक्या उघड्या, ऊन मात्र आत येता कामा नये. सतरा दिवस मी रोज द्राक्षं उलटीपालटी केली. सासूबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "कच्चीच वाळवतीस. कुणी तोंडात घालू नका रे हे."

अठराव्या दिवशी दुपारी माझी नणंद साळू ओकायला लागली. पहिलटकरीण, सातवा महिना, माहेरी आलेली. ती ओटीवर घामाघूम पडली होती आणि ओकारीत हिरव्या साली होत्या.

"काय खाल्लंस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वैनीचे मनुके," ती म्हणाली. "दोन मुठी."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कोणत्या हंड्यात बुडवलेस?"

मी बोट दाखवलं आणि हंड्याचा काठ बघितला. आमच्याकडे तांब्याचे दोन हंडे होते, एकाच कासाराकडचे, एका मापाचे. एक पाण्याचा. दुसरा द्राक्षबागेच्या औषधाचा, त्यात विषारी मोरचूद विरघळवायचा. त्याच्या काठावर चुन्याचा पट्टा ओढलेला असायचा. मी बोट दाखवलं त्या हंड्यावर पट्टा नव्हता. पण दुसऱ्यावरही नव्हता. घड उतरवण्याआधी मीच दोन्ही हंडे चिंचेनं घासले होते.

"हा हिरवा रंग मोरचुदाचाच आसंल," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या नवऱ्यानं, भिमाजीनं, बैल जुंपले आणि डॉक्टर आणायला गाडी नाशिकच्या वाटेनं हाकली. तीन तास जायला, तीन यायला. तोवर साळू आणि तिच्या पोटातलं लेकरू, दोघं माझ्या शहाणपणावर टांगलेली.

सासरे कोंडाजी उठले. त्यांनी खुरपं आणलं, विटेच्या भुकटीनं घासून चकचकीत केलं. एका वाडग्यात मोरचुदाचा खडा विरघळवून त्यात पातं बुडवलं. बाहेर काढलं तर ते तांब्यासारखं तांबडं झालं होतं.

"फवाऱ्याच्या औषधात चुना कमी पडला का, हे आपण आसंच बघतो," ते म्हणाले. "मनुक्यांत मोरचूद आसंल तर पातं बोलंल."

त्यांनी मूठभर मनुके कोमट पाण्यात कुस्करले, लिंबू पिळलं, खुरपं पुन्हा घासलं आणि वाडग्यात उभं केलं. "थोडा आसंल तर वेळ लागंल. दम धरा."

आम्ही धान्याच्या खोलीत वाडग्याभोवती बसलो. पाणी गढूळ होतं, पातं दिसत नव्हतं. साळूला ओटीवरून आत नेऊन निजवलं होतं, ती कण्हत होती. मला त्या वाडग्याकडे बघवेना. ताटीवरचे मनुके मी दोन्ही मुठींत घेतले आणि एक मूठ तोंडात कोंबली. तिचं जे होईल ते माझंही होऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

सासूबाईंनी माझ्या हातावर असा फटका मारला की दुसऱ्या मुठीतले मनुके जमिनीवर उडाले. त्यांनी बोट घालून माझ्या तोंडातले काढले. "थुंक. थुंक आधी. एक पोर आत पडली हाय, आता दुसरी घालवू का मी?"

आठ वर्षांत त्या मला कधी पोर म्हणाल्या नव्हत्या.

कोंडाजींनी पातं बाहेर काढलं. धोतरानं पुसलं, उजेडात धरलं, उलटं करून पुन्हा बघितलं. लोखंड पांढरं होतं.

"हंडा पाण्याचाच हाय," ते म्हणाले आणि खुरपं खाली ठेवलं.

आतून साळूचा आवाज आला. "आये, भूक लागलीय."

"सकाळपासनं काय खाल्लंवतंस?"

"काय नाय. उपाशीपोटीच मनुके खाल्ले. तू बघशील म्हणून भराभर."

कोणी हसलं नाही. मी तिथंच रडायला लागले. सासूबाई गुडघ्यांवर बसून उडालेले मनुके वेचत होत्या, एकेक. शेवटचा त्यांनी फुंकून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"चुना कालव. आधी त्या औषधाच्या हंड्यावर पट्टा ओढ."