साखरेचा पुडा

मानवतच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत काशीनाथराव स्टोअरचे काम बघत. इंजिनाचे तेल आणि यंत्रांचे पट्टे घ्यायचे की परत पाठवायचे, हे त्यांच्या सहीवर चाले. माणूस नियमाचा इतका पक्का, की मुंबईच्या कंपनीने छापून पाठवलेली नियमांची पुस्तिका त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असे. लोक हसत. हसू द्यावे, असे त्यांना वाटे. मागच्या हंगामात एक पट्टा तुटून एका बाईचा डोळा गेला होता, तेव्हापासून नवा पट्टा वजन टांगून, ताण बघितल्याशिवाय ते चढवू देत नसत.

मार्गशीर्षात सिद्रामप्पांच्या घरभरणीचे बोलावणे आले. सिद्रामप्पा फॅक्टरीला पट्टे पुरवत. त्यांच्या मालाची नवी गाडी याच आठवड्यात यायची होती, आणि आधीच्या खेपेतले दोन पट्टे काशीनाथरावांनी कडा उसवलेल्या म्हणून परत केले होते. जेवायला ते गेले नाहीत, तेव्हा संध्याकाळी सिद्रामप्पा स्वतःच दारात उभे. हातात पितळी डबा. डब्यात बुंदीचे लाडू, वर चांदीची वाटी आणि जरीचे लुगडे.

"तुमी आला न्हाईत रावसाहेब. लय वाईट वाटलं."

"राग मानू नका, अप्पा. तुमच्या घराला आमच्या शुभेच्छाच आहेत. पण कंपनीला माल देणाऱ्याकडून जेवण, आहेर काही घ्यायचं नाही, असा कायदाच आहे आमचा. छापलेला." काशीनाथरावांनी पुस्तिका काढून दाखवली.

"घरभरणीचा आहेर हाय. माल कुठं आला मधी?" सिद्रामप्पा हसले. डबा ओट्यावर ठेवून निघून गेले. जाताना एकदाही मागे पाहिले नाही, आणि काशीनाथरावांना उगाच अस्वस्थ वाटले.

त्यांनी रात्रीच चिठ्ठी लिहिली. आभार मानले, नियमाचे कलम लिहिले, डबा जसाच्या तसा परत करतो म्हटले. आलेली भेट मॅनेजरला कळवावी असाही नियम होता, म्हणून दुसरी चिठ्ठी मॅनेजर आबासाहेबांच्या नावे. सकाळी डबा आणि दोन्ही चिठ्ठ्या शिपायाबरोबर धाडायला घरात सांगून ते परभणीला स्टेशनावर माल सोडवायला गेले.

इकडे घरी त्यांच्या पत्नी प्रभावतीबाईंच्या जिवाला चैन नव्हते. शुभकार्यातला आहेर नुसताच परत करायचा? नवऱ्याचा नियम नवऱ्यापाशी, पण कुणाच्या नव्या घराला अपशकुन का करावा! त्यांनी लुगड्याखाली कागदात बांधलेला साखरेचा पुडा ठेवला, देवापुढे हात जोडले आणि डबा शिपायाच्या हाती दिला.

सिद्रामप्पांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून बंडीच्या खिशात सारली. मग पुडा सोडला आणि बराच वेळ साखरेकडे बघत बसले. बाजारात सौदा ठरला की साखर वाटतात. कुणाच्या घरून साखर आली म्हणजे ते घर राजी, एवढे शेंबड्या पोरालाही कळते.

दुपारी पट्ट्यांची गाडी फॅक्टरीच्या फाटकात आली. सोबत सिद्रामप्पा. चार नंबरच्या यंत्राचा पट्टा सकाळीच तुटला होता, तिथल्या बाया हात बांधून बसल्या होत्या, आणि मुकादम लिंबाजी वैतागला होता.

"रावसाहेबांनी बघितल्याबिगर चढवता येत न्हाई," लिंबाजी म्हणाला.

सिद्रामप्पांनी त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. "त्यांच्याच घरची हाय. शिपायाला इचार."

शिपायाने मान डोलावली. डबा त्यानेच तर नेला होता. लिंबाजीने साखर तोंडात टाकली आणि गाडीतून पट्टा उतरवून यंत्रावर चढवला.

काशीनाथराव चार वाजता परतले, तेव्हा फाटकातूनच त्यांना चार नंबरचा आवाज ऐकू आला. सगळ्या यंत्रांच्या घरघरीत एक फटफट वेगळी होती. नव्या पट्ट्याची कड सुटल्यावर येते तशी. "इंजिन बंद करा!" ओरडत ते धावले. यंत्रापाशी कामावरची नर्मदाबाई वाकून कापूस लावत होती. तिने ओरडणे ऐकून मान वर केली, आणि पट्टा तुटला.

इंजिन थांबले. नर्मदाबाईला कापसाच्या बोऱ्यावर झोपवून दवाखान्यात न्यायला निघाले, पण फाटकाबाहेरच तिचा श्वास थांबला.

आबासाहेब आले. हातात काशीनाथरावांची सकाळी पोचलेली चिठ्ठी होती. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "पट्टा कुणाच्या होकारानं चढला?"

लिंबाजी रडत होता. "रावसाहेबांच्या घरून साखर आली व्हती," तो म्हणाला. "शिपायानं सांगितलं."

सिद्रामप्पा फाटकापाशी उभे होते. चेहऱ्यावर दुःख होते, आणि ते खोटेही नसावे. पण खिशातल्या चिठ्ठीकडे त्यांचा हात गेला नाही.

"साखर कुणी पाठवली?" आबासाहेबांनी विचारले.

शिपाई तोंड उघडणार, तोच काशीनाथराव पुढे झाले. घरून साखर गेली म्हणजे ती कुणी ठेवली, हे त्यांना कळून चुकले होते. घरी प्रभावतीबाईंनी चहाचे आधण ठेवले असेल, यांची वाट बघत असतील. त्यांना हे कसे सांगायचे, आणि सांगितल्यावर त्या कशा जगतील, एवढे एकच त्यांच्या मनात आले.

"मी पाठवली," ते म्हणाले.