रेडिओची बदली

तक्रार अधिकारी बाई स्वतःवरच चिडल्या होत्या, आणि चिडण्यासारखंच घडलं होतं. गैरप्रकाराची खबर देणाऱ्याचं नाव पोटात ठेवायचं, हेच त्यांचं काम. आणि नावाचं एक अक्षरही न उच्चारता त्यांनी निम्मं गुपित उघडं पाडलं होतं.

कारखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं आणि पट्ट्या वाफेच्या मोठ्या पेटीत निर्जंतुक होत. माल लवकर निघावा म्हणून दुसऱ्या पाळीत वाफेची वेळ मध्येच तोडली जाते, आणि तसा हुकूम खुद्द कारखानाप्रमुखांचा आहे, असं पेटीवर काम करणाऱ्या ताईनं त्यांना समक्ष सांगितलं होतं. कंपनीच्या धोरणाप्रमाणे वरिष्ठांविरुद्धची तक्रार त्यांना वगळून थेट बाईंकडे येई. ताईचं नाव फक्त बाईंना ठाऊक होतं, आणि गरज पडलीच तर ते कंपनीच्या तक्रार समितीच्या अध्यक्षांना कळणार होतं.

तपासणी करायची तर तिन्ही पाळ्यांची, सगळ्या खात्यांची, म्हणजे बोट कुणाकडे वळत नाही. घाई झाली होती बाईंना. त्या तडक दुसऱ्या पाळीत, तडक पेटीपाशी गेल्या. तक्रार खरी निघाली, माल अडवला गेला, सगळं ठीक. पण दुसऱ्या पाळीत पेटीवर माणसं दोनच: ताई आणि रेडिओ.

रेडिओ म्हणजे पन्नाशीचा कामगार. हजेरी लावली की सुरू, ते घरी जाईपर्यंत. जावयाची नोकरी, शेजाऱ्याचा कुत्रा, स्वतःची दाढदुखी, सगळं प्रसारित. साहजिकच कारखानाप्रमुखांनी त्यालाच धरलं. सोमवारी हुकूम निघाला: बदली, मागच्या फाटकाजवळच्या भंगाराच्या गोदामात. कारण, प्रशासकीय सोय.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"बाई, मी सांगून टाकते. माझ्यापायी त्यांना शिक्षा नको."

"तुझं नाव सांगायचा हक्क तुझा आहे, तुला कुणी अडवणार नाही. पण चूक माझी आहे, ती आधी मला निस्तरू दे. उद्यापर्यंत थांब."

"मुलं लहान आहेत हो माझी. म्हणूनच गप्प बसायचं होतं."

"म्हणूनच थांब म्हणते."

बाईंनी त्याच संध्याकाळी अध्यक्षांना फोन करून आपली चूक आडपडदा न ठेवता कबूल केली आणि बदली थांबवायची मागणी केली. अध्यक्षा जरा रागावल्याच, पण राजी झाल्या. नाव मात्र त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखानाप्रमुख खुर्चीत रेलून म्हणाले, "वाद कशाला? एवढंच सांगा, खबर त्यानं दिली का? नसेल दिली, तर या क्षणी बदली रद्द."

'नाही' म्हणायचा अवकाश, की रेडिओ सुटला आणि ताई सापडली. एका निरपराध माणसाला वाचवायचा इतका सोपा रस्ता समोर होता, आणि त्यावर पाऊल टाकायचं नव्हतं.

"मी हो म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि याचा अर्थ काहीही लावू नका. नुसत्या संशयावरून कुणाला त्रास दिला, तरी धोरणाच्या भाषेत तो सूडच. बदलीचं खरं कारण दाखवायची जबाबदारी तुमची. अध्यक्षांची स्थगिती ही. सुडाची चौकशी वेगळी होईल, आणि ती संपेपर्यंत पेटीवरच्या कुणाचीही पाळी, पगार, जागा तुम्ही बदलायची नाही."

"कुणाचीही?"

"कुणाचीही. आणि वाफेची चौकशी चालू असेपर्यंत त्या खात्यात तुमचा हुकूमही चालणार नाही."

प्रमुखांनी स्थगितीचा कागद दोनदा वाचला.

दुपारी बाई गोदामात गेल्या. रेडिओ गंजक्या पत्र्यांमध्ये स्टुलावर बसला होता, आणि चक्क गप्प होता.

"उद्यापासून पेटीवर परत या. तुम्हाला नाहक त्रास झाला, तो माझ्या चुकीमुळे. माफ करा."

"असू द्या हो. इथे उंदीर फार, पण ऐकून घेतात बिचारे."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "साहेबांनी बोलावलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही."

"तुम्ही? काहीच नाही? 'मी नव्हे' एवढं म्हटलं असतं तरी..."

रेडिओनं आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, पेटीवर आम्ही दोघंच," तो हळू म्हणाला. "मी नव्हे म्हटलं, तर उरलं कोण?"