फळ्या बदललेलं पुस्तक

सरांचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक सतरा वर्षं अर्धवट पडलं होतं. डोळे अधू झाले तसं त्यांनी ते आपल्या संशोधक विद्यार्थिनीच्या हाती दिलं. "जरा डागडुजी कर," म्हणाले. ती एकेक वाक्य बदलत गेली. दर शनिवारी वाचून दाखवायची, सर मान डोलवायचे. सहा वर्षांत त्यांचं एकही वाक्य उरलं नाही.

प्रकाशकाने मुखपृष्ठासाठी नाव विचारलं, तेव्हा तिने सरांच्या टेबलावर दोन बाडं ठेवली. एक छपाईची प्रत. दुसऱ्यात सरांची काढून टाकलेली सगळी वाक्यं, जागच्या जागी लावून शिवलेली.

"नाव दोघांचं घालू या, सर."

"पुस्तक माझं आहे. तू दुरुस्त केलंस."

"जहाजाचं जुनं कोडं तुम्हीच शिकवलंत, एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या की जहाज तेच राहत नाही."

"मग सांग, कितव्या फळीला बदललं? एक फळी बदलली तर जहाज तेच. आजचं ते कालचंच, उद्याचं ते आजचंच. असं चालत गेलीस की शेवटचं जहाज पहिलंच निघतं."

"आणि काढलेल्या फळ्या जपून कुणी पुन्हा बांधलं तर?" तिने शिवलेलं बाड पुढे सरकवलं. "तेही पहिलंच. पण समोर तर दोन आहेत. दोन्ही पहिलंच जहाज असतील, तर ती दोन एकच असायला हवीत. तशी नाहीत. म्हणजे एकाचा दावा खोटा."

"या जुन्याचा. फळ्या ढिगात पडल्या होत्या, तेव्हा जहाज कुठे होतं?"

"घड्याळ सुटं करून पुन्हा जोडलं, तर ते तेच असतं की."

"मधल्या काळात त्याच्या जागी दुसरं चालत नव्हतं. इथे या सहा वर्षांत पुस्तक एक दिवसही थांबलं नाही."

"म्हणजे नवं नसतं, तर हे जुनंच तुमचं पुस्तक ठरलं असतं? यात तर एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. वस्तू तीच आहे का, हे शेजारी काय ठेवलंय त्यावर कसं ठरेल, सर?"

सरांनी शिवलेलं बाड जवळ ओढलं. आता 'शाब्बास' म्हणतील, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"सुताराने कितीही फळ्या बदलल्या, तरी जहाज त्याचं होत नाही," ते म्हणाले.

"जहाज तेच का, हा प्रश्न होता. कोणाचं, हा नव्हता."

"मुखपृष्ठाला दुसराच प्रश्न लागतो. आणि तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायचीय अजून." त्यांनी फोन उचलला आणि प्रकाशकाला स्वतःचं नाव सांगितलं.

"या जुन्या बाडाचं काय करू?"

"रद्दीत टाक."

पुस्तकाची वाहवा झाली. तिने ते ग्रंथालयात उभ्याउभ्याच चाळलं. ऋणनिर्देशात तिचं नाव टंकलेखनासाठी होतं. जहाजाच्या प्रकरणाला शेवटी नवा परिच्छेद जोडलेला होता: वस्तू तीच आहे का, हे शेजारी काय ठेवलंय त्यावर कसं ठरेल? अख्ख्या पुस्तकात सरांच्या हातचा तेवढाच मजकूर होता.

तिने पुस्तक जागेवर ठेवलं आणि आपला तास घ्यायला गेली. प्रबंधावर सही झाली होती, नोकरीही लागली होती. त्या वर्षी तिने जहाजाचा धडा गाळला.